गोळ्यांच्या डबीशेजारची बाटली

आखातातल्या मराठी माणसाच्या बॅगेचा एक इतिहास लिहिता येईल. पूर्वी भारतात जाताना बॅगेत खजूर, बदाम, टँगचा डबा, साबणाच्या वड्या आणि काकांसाठी अत्तराची कुपी असायची. आता यातलं सगळं साताऱ्यातही मिळतं आणि चिपळूणलाही. मग बॅगेत काय भरायचं? गेल्या आठ-दहा वर्षांत त्या जागी बाटल्या आल्या. बाबांच्या हृदयासाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, आईच्या हाडांसाठी डी-थ्री आणि के-टू, आजोबांच्या विसरभोळेपणासाठी गिंको, आणि सासऱ्यांच्या कोलेस्टेरॉलसाठी लसणाच्या वास न येणाऱ्या गोळ्या. 'एकावर एक मोफत' असलं तर दोन घरांची सोय होते.

मी दुबईत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. सुट्ट्या जवळ आल्या की या बाटल्यांच्या फडताळासमोर आपली माणसं उभी असलेली दिसतात. मराठी कानावर पडलं की मी काउंटरमागून एकच प्रश्न विचारते, "घेणाऱ्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" बरेचजण दचकतात. काही म्हणतात, "हो, पण हे औषध नाहीये ना, हे तर नुसतं व्हिटॅमिन." त्या 'नुसतं' या शब्दासाठी हा लेख आहे.

वर सांगितलेल्या चारही वस्तूंवर "रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जपून" असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. त्यातली एक वस्तू गोळीच्या विरुद्ध काम करते आणि तिचा परिणाम तपासणीत दिसतो. उरलेल्या तीन गोळीच्याच दिशेने, पण वेगळ्या वाटेने जातात, आणि त्यांचा परिणाम नेहमीच्या तपासणीत बहुधा दिसत नाही. हा फरक घरातल्या एका माणसाला जरी नीट कळला, तरी बराच धोका टळतो.

आधी गोळीची ओळख करून घेऊ. भारतातून येणाऱ्या आपल्या ज्येष्ठांकडे बहुतेक वेळा असिट्रॉम असते. त्यातल्या औषधाचं नाव असेनोकुमारॉल. इथले डॉक्टर सर्रास वॉरफेरिन लिहितात. दोन्ही एकाच कुळातल्या, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारख्या नाहीत. वॉरफेरिनची मात्रा साधारण दुप्पट लागते, म्हणून असिट्रॉम संपली तर 'तेवढ्याच मिलिग्रॅमची' दुसरी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. ही गोळी कुणाला लागते? पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांना, हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांना, आणि ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे त्यांना.

आपल्याकडे या तिसऱ्या गटातली माणसं पुष्कळ आहेत. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, गावात तेवढ्यावर भागवलं गेलं, आणि त्या तापाने हृदयाची झडप कायमची आखडून गेली, असं झालेली आपल्या आई-मावशीच्या पिढीत कितीतरी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय बनावटीची, परवडणारी झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्यानंतर ती हजारो सामान्य घरांपर्यंत पोहोचली. धातूची झडप दशकानुदशकं टिकते, पण तिच्यावर रक्त गोठण्याची शक्यताही आयुष्यभर राहते. म्हणून रोजची गोळी जन्मभराची.

ही गोळी नेमकं काय करते, हे कळायला व्हिटॅमिन के समजून घ्यावं लागतं. १९२९ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिलांना चरबी काढून टाकलेलं खाणं देऊन प्रयोग करत होते. पिलांना आपोआप रक्तस्राव होऊ लागला. खाण्यात काहीतरी कमी पडतंय, ज्याच्याशिवाय रक्त गोठत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. गोठण्याला त्यांच्या भाषेत 'के'ने सुरू होणारा शब्द आहे, म्हणून त्या घटकाचं नाव व्हिटॅमिन के पडलं. इकडे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फातून वाट काढत विद्यापीठात आला. त्याच्याबरोबर मेलेली कालवड होती आणि दुधाच्या बरणीत न गोठणारं रक्त. त्याची गुरं सडलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन रक्तस्रावाने मरत होती. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षांच्या खटपटीनंतर त्या गवतातलं द्रव्य शोधलं, आणि त्यावरून पुढे वॉरफेरिन तयार झालं. ते आधी १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरलं जाऊ लागलं.

डाम यांची पिलं आणि लिंक यांच्याकडे आलेली गुरं यांचा आजार मुळात एकच होता. आपलं यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिनं बनवतं आणि त्यातल्या चारांसाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. शरीरात ते अगदी थोडं असतं, म्हणून एकदा वापरलेलं 'के' पुन्हा ताजं करून वापरण्याची सोय शरीराने केली आहे. लग्नाच्या पंगतीसारखं हे चालतं. ताटं मोजकी, पण मोरीवर धुणारा तत्पर, म्हणून एकामागून एक पंगती उठतात. वॉरफेरिन किंवा असिट्रॉम या धुणाऱ्याचे हात धरून ठेवते. ताटं खरकटी पडून राहतात, पंगती रखडतात, म्हणजेच गोठवणारी प्रथिनं कमी तयार होतात. आता कुणी बाहेरून नव्या ताटांचा गठ्ठा आणून ठेवला तर? धुणारा अडकलेला असला तरी पंगत पुन्हा जोरात सुरू होते. व्हिटॅमिन के-टूची कॅप्सूल म्हणजे हा गठ्ठा. आणि तो संपला की पंगत पुन्हा रखडते.

रखडण्याचं हे प्रमाण मोजायचा आकडा म्हणजे आयएनआर. गोळी न घेणाऱ्याचा तो १ च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांसाठी तो २ ते ३ ठेवतात, तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. खाली गेला तर झडपेवर गुठळी होऊन अर्धांगवायूची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

आता एका मावशींची गोष्ट सांगते. नाव-गाव बदललेलं नाही, कारण सांगतच नाहीये. वय ६४, सातारा जिल्ह्यातल्या, मायट्रल झडप धातूची. असिट्रॉम एक दिवस २ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३, म्हणजे आठवड्याला साडेसतरा. कितीतरी महिने आयएनआर २.७ ते ३.१ च्या मध्ये. गोळीच्या बाबतीत मावशी इतक्या काटेकोर की रात्री आठच्या बातम्या आणि गोळी यांत कधी अंतर पडलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्या मुलीकडे शारजाला आल्या. निघण्याआधीचा आयएनआर २.९. इथे आल्यावर गुडघे दुखतात, पाठ दुखते अशी तक्रार. जावई प्रेमळ. इथे उन्हाचा देश असूनही आपण सगळे एसीत बसतो आणि अर्ध्या मित्रमंडळींना डी कमी असल्याचा रिपोर्ट मिळालेला असतो, तेव्हा त्यांनी हाडांसाठी चांगली मानली जाणारी बाटली आणली. डी-थ्री आणि के-टू, ६० कॅप्सूल, रोज एक. १२ डिसेंबरला सुरू झाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नेहमीची तपासणी केली तर आयएनआर १.७. डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलं. गोळी चुकली का? नाही. पालेभाजी जास्त खाल्ली का? नाही. दुसरं कुठलं औषध चालू आहे का? नाही. तिन्ही उत्तरं खरी होती, कारण घरात त्या बाटलीला कुणी औषध म्हणतच नव्हतं. ती गोळ्यांच्या डबीत नव्हती, फ्रीजवर मधाच्या बाटलीशेजारी उभी होती. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. रोज ३ मिलिग्रॅम, आठवड्याला २१. दोन आठवड्यांनी आयएनआर २.८. सगळे निश्चिंत झाले.

खरा धोका इथे सुरू झाला. कारण आता आयएनआर बरोबर दिसत होता तो दोन गोष्टींच्या रस्सीखेचीत. एकीकडे वाढवलेली गोळी, दुसरीकडे रोजचं के-टू. दोघं सारख्या जोराने ओढत होते म्हणून दोर मध्ये स्थिर. १० फेब्रुवारीला बाटली संपली. गुडघ्यांना काही फरक पडला नव्हता, म्हणून नवी आणली नाही. एका बाजूने दोर सोडून दिला, आणि त्याची नोंद कुणीच घेतली नाही, कारण बाटली संपणं ही काही बातमी नसते.

फेब्रुवारीच्या शेवटी मावशींची मुलगी माझ्याकडे हिरड्यांना लावायचं मलम मागायला आली. "आईला दात घासताना रक्त येतंय गं. आणि पलंगाला जरा मांडी लागली तर तळहाताएवढा काळानिळा डाग." मी मलम दिलं नाही. विचारलं, "असिट्रॉमशिवाय काय चालू आहे?"

"काही नाही."

"काही चालू होतं आणि बंद केलंय का?"

ती थांबली. मग म्हणाली, "ते व्हिटॅमिन होतं, पण ते तर संपलं."

बाटली बघायला हवी म्हटलं तर ती घरी होती. आपल्या घरात बाटली टाकत नाहीत. धुऊन, सुकवून तिच्यात लवंगा भरल्या होत्या. नशिबाने लेबल तसंच होतं. तिने फोटो पाठवला. के-टू, एमके-७ प्रकारचं, १०० मायक्रोग्रॅम. हा प्रकार रक्तात कित्येक दिवस टिकून राहतो. त्यामुळे रोज घेतला की साचत जातो, आणि अगदी १० ते २० मायक्रोग्रॅमनेही काहींचा आयएनआर खाली येतो असं अभ्यासांत दिसलं आहे. इथे तर शंभर होते.

त्याच संध्याकाळी त्या रुग्णालयात गेल्या. आयएनआर ५.८. डोकेदुखी नव्हती, उलटी नव्हती, शौचाचा रंग नेहमीचा होता. डॉक्टरांनी त्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवशीची असिट्रॉम थांबवली. मुलीने विचारलं, "व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन टाका ना, लगेच उतरेल." डॉक्टर नको म्हणाले. कुठे मोठा रक्तस्राव होत नसताना धातूच्या झडपेच्या रुग्णाचं रक्त एकदम घट्ट करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. दोन दिवसांनी आकडा ३.६ वर आला. जुनी मात्रा, एक दिवस २ आणि एक दिवस ३, पुन्हा सुरू झाली. पुढचे काही आठवडे दर आठवड्याला तपासणी. मावशी परत गेल्या तेव्हा आयएनआर २.९ होता, जितका घेऊन आल्या होत्या तितकाच.

या गोष्टीत के-टू हे विष नाही. सुरू करताना सांगितलं नाही आणि बंद करतानाही सांगितलं नाही, हे घातक ठरलं. दोन्ही वेळा आठवड्याभरात आयएनआर तपासला असता तर आकडा आधीच बोलला असता. डी कमी असेल तर के नसलेलं नुसतं डी-थ्री सहज मिळतं, आणि बहुतेक वेळा तेवढंच लागतं. फक्त लेबलाचा मागचा भाग वाचायचा. मल्टिव्हिटॅमिनच्याही मागे बघा, पुष्कळांत थोडं के असतं.

हाच नियम ताटातल्या हिरव्या भाजीला लागतो, पण आपल्याकडे तो उलटा समजला जातो. "पालेभाजी बंद" असं ऐकून काही घरांत मेथी, पालक, अळू सगळं हद्दपार होतं. ही चूक आहे. शरीरातला के चा साठा अगदीच ओसरला की आयएनआर जास्त चंचल होतो. एखाद्या दिवशी लग्नात अळूचं फदफदं खाल्लं तरी आकडा हलतो. पालेभाजी खावी, पण दर आठवड्याला साधारण सारखी. दर बुधवारी मेथी आणि शनिवारी पालक हे मावशींच्या घरचं वेळापत्रक होतं, म्हणूनच त्यांचा आकडा इतका स्थिर होता.

इथे आल्यावर घोटाळा होतो तो कोशिंबिरीच्या रूपाने. पालकाच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ४८० मायक्रोग्रॅम के असतं, कोथिंबिरीत तीनशेच्या वर. आपण कोथिंबीर चिमूटभर भुरभुरवतो, त्याने काही होत नाही. पण तबुलेमध्ये मुख्य भाजी पार्स्ली, आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १,६०० मायक्रोग्रॅम. बाईच्या दिवसाच्या गरजेला साधारण ९० पुरतात. लेबनीज हॉटेलात एकदा वाडगाभर तबुले खाल्लं तर आभाळ कोसळत नाही. पण "हेल्दी आहे" म्हणून आई-बाबांना रोज रात्री तबुले आणि जर्जीर वाढायला लागलात, तर ती के ची बाटलीच झाली, फक्त लेबल नसलेली. तसंच उलटही. श्रावणातले उपास, आजारपणात नुसती पेज, यात के कमी जातं आणि आकडा वर चढतो.

आता उरलेल्या तीन बाटल्या. लसूण, गिंको आणि माशाचं तेल. इथे पंगत आणि ताटांचा संबंध नाही. रक्त थांबवण्याचं काम शरीर दोन तुकड्यांत करतं. कापलं की आधी प्लेटलेट्स धावत येतात आणि एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. मग ती गोठवणारी प्रथिनं जाळं विणून ते पक्कं करतात. असिट्रॉम दुसरं काम मंदावते. ॲस्पिरिन पहिलं काम मंदावते. लसणातली आणि गिंकोतली काही द्रव्यं आणि माशाच्या तेलातली ओमेगा-३ स्निग्धाम्लं कमीअधिक प्रमाणात पहिल्याच कामावर परिणाम करतात. म्हणजे दोन्ही तुकड्या एकाच वेळी ढिल्या.

आणि हे आयएनआरमध्ये का दिसत नाही? कारण प्रयोगशाळेत रक्ताची नळी आधी यंत्रात गरगर फिरवतात. पेशी आणि प्लेटलेट्स खाली बसतात, आणि वरच्या पिवळसर द्रवावर तपासणी होते. ज्यांच्यावर परिणाम झालाय त्या प्लेटलेट्स चाचणीत जवळजवळ नसतातच. घराला दोन दारं आहेत आणि आपण एकाच दाराची कडी तपासून झोपतोय, असा हा प्रकार.

एक काका दुकानात नियमित येतात. ठोके अनियमित म्हणून वॉरफेरिन, आयएनआर कायम २.५ च्या आसपास. रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या चार कच्च्या पाकळ्या मधात ठेचून, शिवाय मुलाने दिलेली गिंको. एकदा म्हणाले, "उद्या दाढ काढायचीय. डेंटिस्टला आयएनआर दाखवला, तो खूश आहे."

"काका, लसूण आणि गिंकोचं सांगितलंत का?"

"अगं, आयएनआर नॉर्मल आहे ना? मग?"

मी वर लिहिलेली दोन दारांची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा सांगितली. त्यांनी तिथूनच डेंटिस्टला फोन लावला. दाढ आठ-दहा दिवस पुढे ढकलली गेली, तोवर दोन्ही बंद, वॉरफेरिन मात्र डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू. आठवडाभर का, याचं कारण साधं आहे. लसणातल्या अजोईनचा परिणाम एकदा झालेल्या प्लेटलेटवरून जात नाही, आणि प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. नवी पिढी यावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेआधी लसणाच्या गोळ्या किमान ७ दिवस आणि गिंको किमान ३६ तास बंद ठेवावं, असा सल्ला भूलतज्ज्ञांसाठी २००१ मध्ये एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, आणि तो अजून पाळला जातो.

लसणाबद्दल घाबरून फोडणी बेचव करू नका. भाजीतल्या, चटणीतल्या, शिजलेल्या लसणाने काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो औषधासारख्या घेतलेल्या लसणाचा, म्हणजे कॅप्सूल, अर्क आणि रोजच्या कच्च्या पाकळ्या. १९९० मध्ये नोंदवलेल्या एका घटनेत ८७ वर्षांच्या गृहस्थांच्या मणक्यात आपोआप रक्त साचलं. ते रोज साधारण चार पाकळ्या खात असत. काकांच्या पाकळ्या मी मोजल्या तेव्हा मला हीच नोंद आठवली होती.

गिंकोचं चित्र अधिक संमिश्र आहे. १९९७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ७० वर्षांच्या एका गृहस्थांची नोंद आली. ते ॲस्पिरिन घेत होते, गिंको सुरू केल्यावर आठवड्याभरात डोळ्याच्या आत रक्त आलं. अशा सुट्या नोंदी बऱ्याच आहेत. दुसरीकडे निरोगी लोकांवरच्या चाचणीत गिंकोने वॉरफेरिनच्या कामात फरक पडला नाही. तेव्हा 'गिंको घेतलं की रक्तस्राव होणारच' असं म्हणता येत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. तीन हजारांवर वृद्धांना वर्षानुवर्षं रोज २४० मिलिग्रॅम गिंको देऊन केलेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाचा निकाल २००८ मध्ये आला. स्मृतिभ्रंश टळला नाही. ज्याचा फायदा दिसत नाही त्याच्यासाठी, रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसाने थोडासुद्धा धोका का घ्यावा?

माशाच्या तेलात मात्रेला महत्त्व आहे. दिवसाला एक साधी कॅप्सूल घेणाऱ्या बहुतेकांचं काही बिघडत नाही. आणि सुरमई-बांगडा खाणाऱ्यांनी तर अजिबात काळजी करू नये, मासे जरूर खावेत. पण मात्रा बदलली की लक्ष ठेवावं. २००४ मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णाने वॉरफेरिन तेच ठेवून माशाचं तेल १,००० वरून २,००० मिलिग्रॅम केलं, तर महिन्याभरात आयएनआर २.८ वरून ४.३ वर गेला. म्हणजे कधीकधी ते आयएनआरच्या दारातूनही आत येतं. आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. हृदयरुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला ४ ग्रॅम शुद्ध ओमेगा-३ देऊन २०१८ मध्ये पुऱ्या झालेल्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण ठोके अनियमित होण्याचं प्रमाण थोडं वाढलं. ज्या आजारासाठी काकांना वॉरफेरिन लागलं, तोच हा आजार. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तर घ्या. मोफत मिळालं म्हणून मात्रा दुप्पट करू नका.

"आमच्या बाबांना नवी गोळी आहे, तिला आयएनआर लागत नाही," असं काहीजण सांगतात. अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान या त्या गोळ्या. त्यांचा व्हिटॅमिन केशी संबंध नाही. पालक, तबुले, के-टू यांनी त्यांच्या कामात बदल होत नाही. पण प्लेटलेट्सची वाट तिथेही तशीच उघडी आहे. लसणाच्या गोळ्या आणि गिंको यांची काळजी तितकीच घ्यायची. आणि धातूची झडप असेल तर या नव्या गोळ्या चालत नाहीत, तिथे असिट्रॉम किंवा वॉरफेरिनच. शेजारच्यांची गोळी चांगली वाटली म्हणून बदलायची नाही.

कुठल्याही कारणाने रक्त जास्त पातळ झालं तर अंगावर काय दिसतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. न लागता पडलेले काळेनिळे डाग, दात घासताना येणारं रक्त, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, चहासारखी किंवा लालसर लघवी, यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आयएनआर तपासायचा. डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, किंवा पडून डोक्याला मार लागणं, मग वरून काही दिसो वा न दिसो, यात वाट बघायची नाही. अमिरातीत ९९८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि आल्याआल्या सांगायचं की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

दुकानात विकायला असलेली बाटली सरकारी नोंदणीतून आलेली असते. पण त्या नोंदणीला तुमच्या आईच्या हृदयातली झडप माहीत नसते. म्हणून मी हल्ली सगळ्यांना एक वही करायला सांगते. शाळेची जुनी चालेल. डाव्या पानावर गोळी, मात्रा आणि आयएनआर तारखेसकट. उजव्या पानावर 'औषध नसलेलं' सगळं: व्हिटॅमिन, काढा, पाकळ्या, पावडर, सुरू केल्याची तारीख आणि बंद केल्याची तारीख. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून न्यायच्या, रिकाम्यासुद्धा.

मावशींच्या मुलीने अशी वही केली आहे. या वेळी दिवाळीला साताऱ्याला जाताना तिने मला बॅगेची यादी दाखवली. आईसाठी गुडघ्यांना बांधायचा पट्टा, न घसरणाऱ्या चपला आणि खजुराचे दोन डबे.

"बाटली कुठली नाही?" मी विचारलं.

"आहे की," ती म्हणाली. "लवंगांची. लेबल काढून टाकलंय."

मी तिला म्हटलं, आता काढलंस ते बरं केलंस, पण वहीत त्याचं नाव आणि तारखा लिहून ठेव.